भाच्याला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे : सवलत किती, कागद कोणता आणि बोलायचे कोणी?

पाणंदकर

देवकर पाणंद परिसरात माझा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मी स्वतः शाहूपुरीत राहतो. आधीचे भाडेकरू गेल्या महिन्यात गेले आणि त्याच सुमारास माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलाला गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात नोकरी लागली. त्याचे नुकतेच लग्न झाले आहे. ताई गडहिंग्लजला असते आणि तिने फोनवर सहज म्हटल्यासारखे म्हटले, "तुझा फ्लॅट रिकामाच आहे, पोरगा बाहेर कुठे शोधत बसणार?" त्या परिसरात अशा फ्लॅटला सध्या बारा हजार भाडे मिळते. भाच्याचा पगार पाहता त्याला आठ-साडेआठ हजारांपेक्षा जास्त झेपणार नाही, हे मलाही दिसते आहे. सवलत द्यायला माझी ना नाही, परंतु ती किती काळ द्यायची, करार करायचा की नाही आणि पुढे भाडे वाढवायची वेळ आली तर ते ताईशी बोलायचे की भाच्याशी, हे मला सुचत नाही. आमच्या घरात याआधी पैशावरून कधी शब्द झालेला नाही आणि तो होऊ नये, एवढीच इच्छा आहे. ज्यांनी नात्यात जागा दिली किंवा घेतली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

तिरकस_तात्या

मामाच्या घरी राहायला गेलेला भाचा भाडे देतो, ही बातमी मी प्रथमच ऐकतो आहे. आमच्याकडे मामाच भाच्याला दिवाळीला पैसे देतो.

वारणाकाठ

अकरा महिन्यांचा करार शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करून नोटरीकडून शिक्का मारून घ्या. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणीची गरज नसते, म्हणून तर सगळे अकरा महिन्यांचा करतात. मात्र त्याला सलग बारा वर्षे राहू देऊ नका, नाही तर घर त्याचे होते.

शेंडापार्क

मी बरीच वर्षे दस्त नोंदणीच्या कामात आहे, म्हणून वारणाकाठ यांच्या दोन्ही मुद्द्यांबद्दल लिहितो. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, असे केंद्राच्या नोंदणी कायद्यात आहे आणि अकरा महिन्यांची प्रथा तिथूनच आली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार आपल्या राज्यात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा कोणताही करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. शिक्षा प्रत्यक्षात क्वचित होत असेल, पण त्याच कलमातला दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू जी अट सांगेल ती, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, खरी धरली जाते. म्हणजे भाच्याने "मामांनी पाच हजारच ठरवले होते" असे म्हटले, तर ते खोटे आहे हे मामांना दाखवावे लागेल.

बारा वर्षांचा मुद्दाही अर्धाच आहे. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा हा प्रतिकूल ताबा होत नाही. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या वादात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे की नात्यापोटी, फुकट राहू दिलेल्या माणसाला कितीही वर्षे राहिल्याने त्या घरात हक्क मिळत नाही. त्या प्रकरणात बहीण जिंकली, परंतु सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकली, हेही लक्षात घ्यावे.

पाणंदकर, पुढचे सांगण्याआधी एक प्रश्न विचारतो. हा फ्लॅट तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतला आहे, की वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीतून किंवा विक्रीतून आला आहे?

मंगळवारपेठ_माळी

माझेही असेच आहे. आमच्या वडिलांच्या घरात खालच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहतो, वर मी. त्याने खालच्या दोन खोल्या परस्पर मुलांना भाड्याने दिल्या आहेत आणि भाडे एकटाच घेतो. वडील जाऊन बरीच वर्षे झाली, तरी घर अजून त्यांच्याच नावावर आहे. मी भावाकडून त्याच्या मजल्याचे भाडे मागू शकतो का? आणि घरफाळा निम्मा कोणी भरायचा?

शेंडापार्क

माळीसाहेब, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमचा भाऊ तुमचा भाडेकरू नाही, तो सहहिस्सेदार आहे. त्याच्या राहण्याचे भाडे मागण्यापेक्षा त्या दोन खोल्यांच्या उत्पन्नातला तुमचा हिस्सा मागणे आणि वाटणीचा विचार करणे हे तुमच्या कामाचे आहे. त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. पाणंदकरांना वरचा प्रश्न मी याच कारणाने विचारला. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे, आणि फ्लॅट तशा पैशातून आला असेल तर ताईला "माझ्याच वाट्याच्या घराचे भाडे माझा मुलगा देतो" असे आज वाटत नसले तरी उद्या वाटू शकते.

पाणंदकर

फ्लॅट माझ्या पगारातून आणि बँकेच्या कर्जातून घेतलेला आहे. कर्ज फिटले आहे आणि खरेदीखत माझ्या व पत्नीच्या नावावर आहे. वडिलांच्या मिळकतीचा त्यात संबंध नाही.

शेंडापार्क

मग काम सोपे आहे, आणि पत्नीचीही सही लागेल.

तुमची खरी अडचण भाडेवाढीच्या बोलण्याची आहे. नात्यातले बहुतेक तंटे कमी भाड्यामुळे होत नाहीत, ते ठरलेले भाडे नंतर बदलावे लागते तेव्हा होतात. बाहेरच्या भाडेकरूला वर्षाअखेर "बाजारात एवढे चालले आहे" असे सांगता येते, पण भाच्याला साडेआठ हजारांत राहायची सवय झाली की तोच त्या घराचा भाव ठरतो आणि तुम्ही बारा हजार मागितले की मामांनी साडेतीन हजार वाढवले, असे गडहिंग्लजला ऐकू जाते. तुम्ही वर्षभर दरमहा साडेतीन हजार सोडले, हे कोणाच्याच लक्षात राहिलेले नसते.

म्हणून सवलत तिच्या मुदतीसह पहिल्याच दस्तात उतरवा. लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंत करता येते, अकराच महिन्यांचे बंधन नाही. समजा तुम्ही 22 महिन्यांचा करार केलात आणि त्यात पहिले 11 महिने दरमहा 8,500 आणि पुढचे 11 महिने दरमहा 12,000 असे लिहिलेत. पहिल्या टप्प्याचे 93,500, दुसऱ्या टप्प्याचे 1,32,000, आणि 40,000 परत करण्याजोगी अनामत घेतलीत तर तिच्यावर वार्षिक दहा टक्के दराने 22 महिन्यांचे साधारण 7,300 धरले जातात. या सगळ्याची बेरीज सुमारे 2,32,800 होते. मुद्रांक शुल्क त्याच्या पाव टक्का, म्हणजे सहाशेच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000. नोंदणी ऑनलाइन होते आणि आधार असलेल्यांचा अंगठा घरी बसून घेता येतो, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयात हेलपाटे घालावे लागत नाहीत. मध्यस्थाने केले तर त्याची फी वेगळी, ती आधी विचारून घ्यावी.

याचा फायदा असा की बाराव्या महिन्यात वाढ तुम्ही मागत नाही, ती दोघांनी सही करून आधीच ठरवलेली असते. तोवर भाच्याचा पगार वाढला नसेल आणि तुम्हाला सवलत पुढे चालू ठेवायची असेल, तर तुम्ही स्वतःहून ती वाढवू शकता, आणि मग ती मदत म्हणूनच ओळखली जाते.

उंबरठा

शेंडापार्क यांचे म्हणणे पटते, पण भाडे ठरल्यावरही वाद होतात, आणि ते भाड्यावरून नसतात. आमच्या घरी वरची एक खोली दिरांच्या मुलीला दिली आहे, ती शिवाजी विद्यापीठात शिकते. भाड्याचे काही नाही, ते तिचे वडील वेळेवर पाठवतात. भांडण झाले ते विजेवरून. घराला मीटर एकच आहे आणि खोलीला आम्ही सबमीटर बसवला. आमचा वापर नव्वद युनिटच्या आसपास असतो, तिचा साठ. महावितरणच्या बिलात पहिल्या शंभर युनिटचा दर कमी असतो आणि त्यापुढच्या युनिटचा बराच जास्त. आमचे एकट्याचे बिल शंभराच्या आत राहिले असते, तिच्यामुळे दीडशेवर गेले. दिरांचे म्हणणे असे की मुलीने साठच युनिट वापरले, म्हणजे तिला पहिल्या टप्प्याचाच दर लागला पाहिजे. ह्यांचे म्हणणे असे की वाढलेली पन्नास युनिट तिचीच आहेत, म्हणून चढा दर तिने द्यावा. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघेही दोन महिने एकमेकांशी नीट बोलत नव्हते.

शेवटी सासूबाईंनी मार्ग काढला. पूर्ण बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट, जो दर येईल तोच दोघांना. त्यात आमचे थोडे जाते आणि तिचेही थोडे जाते. बिलाचा फोटो दर महिन्याला घरच्या ग्रुपवर जातो. ज्यांना एकाच मीटरवरची खोली द्यायची आहे, त्यांनी हे पहिल्या दिवशी ठरवावे.

तिरकस_तात्या

दोन महिने बोलणे बंद होते, म्हणजे फोनच्या चार्जिंगचे युनिट तरी वाचले असतील.

भाडेकरू_भाचा

दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळे मालकच बोलत आहेत. मी आत्याच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये पत्नीसह राहिलो. भाडे कमी होते, करार नव्हता, अनामत नव्हती आणि सुरुवातीला हे फार चांगले वाटले. त्रास असा की आत्याकडे किल्ली होती आणि ती केव्हाही यायची. आम्ही घरात नसतानाही. स्वयंपाकघरात काय आहे, गादीवर कोणती चादर आहे, हे सगळे तिच्याकडून माझ्या आईपर्यंत पोहोचायचे. बाहेरच्या मालकाला आम्ही "येण्याआधी फोन करा" असे सांगितले असते, आत्याला कसे सांगणार? नळ गळत होता, तोही आठवडेच्या आठवडे सांगवला नाही, कारण आधीच कमी भाड्यात राहतो आणि वर तक्रार करतो, असे वाटायचे. तो नळ गळून गळून खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली, आणि तेव्हा मात्र "सांगितले का नाही" म्हणून बोलणी खावी लागली.

पाणंदकरकाका, करार केलात तर भाच्याला वाईट वाटेल असे समजू नका. मला तर तो हवा होता. आधारवरचा पत्ता बदलायला, गॅस जोडणीला आणि ऑफिसमध्ये घरभाडे भत्त्यासाठी कागद लागतो, आणि आत्याकडे तो मागायचे धाडस मला झाले नाही.

हिशेबी

भाडेकरू_भाचा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड देतो. वर्षाला एक लाखापेक्षा जास्त भाडे दाखवून भत्त्याची सूट घ्यायची असेल, तर कंपनी घरमालकाचा पॅन मागते. 8,500 प्रमाणे बारा महिन्यांचे 1,02,000 होतात, म्हणजे मामांचा पॅन द्यावा लागेल. नवी करप्रणाली निवडलेली असेल तर ही सूटच मिळत नाही, तेव्हा भाच्याने कोणती निवडली आहे हे आधी विचारावे. मामांनी भाडे आपल्या उत्पन्नात दाखवावे, त्यातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते आणि भरलेला घरफाळाही वजा होतो. भाडे बँकेतूनच घ्यावे. आणि सवलतीच्या भाड्याबाबत हेही माहीत असावे की आयकरात केवळ प्रत्यक्ष मिळालेले भाडे पाहिले जात नाही, त्या घराला वाजवीपणे किती मिळू शकले असते तेही पाहता येते. साडेआठ आणि बारा यांतला फरक फार मोठा नाही, पण नात्यात नाममात्र हजार रुपये लिहिणाऱ्यांनी आपल्या कर सल्लागाराशी बोलून घ्यावे.

रुईकर_कट्टा

माझी पद्धत वेगळी आहे आणि मला ती अधिक बरी वाटते. पुतण्याकडून मी पूर्ण बाजारभावाने भाडे घेतो आणि त्यातला तिसरा हिस्सा दरमहा बाजूला ठेवतो. तो स्वतःचे घर घेईल तेव्हा ती रक्कम त्याला देणार आहे. त्याला हे माहीत नाही. त्यामुळे सवलतीचा प्रश्नच येत नाही आणि त्याला शिस्तही लागते.

उंबरठा

हे ऐकायला छान आहे, परंतु ज्या महिन्यात त्याची ओढाताण होते, त्या महिन्यात काकांनी पूर्ण भाडे घेतले एवढेच त्याला दिसते. उद्या तुम्ही रक्कम दिलीत तरी मधल्या वर्षांतला राग कुठे जाणार? आणि तुम्हाला काही झाले, तर घरातल्यांना तरी हे माहीत आहे का?

रुईकर_कट्टा

पत्नीला माहीत आहे. बाकी तुमच्या प्रश्नावर विचार करेन, पण माझे मत अजून तरी बदललेले नाही.

कावळानाका

आमच्या सोसायटीचा सचिव या नात्याने एक बाब सांगतो, कारण यावरून आमच्याकडे बैठकीत बराच गोंधळ झाला होता. सभासद स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. मासिक देखभालीच्या संपूर्ण रकमेवर दहा टक्के लावणाऱ्या सोसायट्या आहेत, तिथे हरकत घ्यावी. जवळचे कुटुंबीय राहत असतील तर शुल्क लागत नाही, मात्र आदर्श उपविधीतल्या कुटुंबाच्या व्याख्येत भाऊ, बहीण, जावई, मेहुणे वगैरे आहेत, भाचा नाही. भाचा राहतो आहे म्हणजे घरचाच माणूस आहे, असा युक्तिवाद आमच्याकडे एका सभासदाने केला होता, तो टिकला नाही. हे शुल्क आणि मासिक देखभाल कोण भरणार, तेही करारात लिहा. करार झाल्यावर पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यावी, नातेवाईक असला तरी.

पाणंदकर

सर्वांचे आभार. दुरुस्तीच्या बाबतीत काय लिहावे? आधीच्या भाडेकरूने एकदा गीझर दुरुस्त करून पैसे भाड्यातून कापले होते, तेव्हा मला काही वाटले नव्हते. भाच्याने तसे केले तर काय, हे भाडेकरू_भाचा यांचे वाचून मनात आले.

शेंडापार्क

भाड्यातून काहीही वळते करायचे नाही, ही अट नात्यात सगळ्यांत उपयोगी पडते. घरातली रोजच्या वापराची किरकोळ दुरुस्ती, समजा एका वेळेस हजार रुपयांपर्यंतची, त्याने करावी. त्यावरची, तसेच नळजोडणी, ओल आणि वायरिंगची कामे तुम्ही करावीत आणि प्लंबरला किंवा वायरमनला पैसे तुम्हीच थेट द्यावेत. भाडे मात्र दर महिन्याला पूर्ण खात्यात यावे. एकदा वळते करायला सुरुवात झाली की गीझरनंतर पडदे येतात, पडद्यांनंतर "मामींना साडी दिली होती" येते, आणि मग कोणी कोणाचे किती देणे लागतो हे कोणालाच सांगता येत नाही. भाडे तुकड्यातुकड्याने येऊ लागले किंवा उशिराचे कारण भाच्याऐवजी ताईकडून कळू लागले, तर त्याच आठवड्यात भाच्याशी समोरासमोर बोला.

अनामत जरूर घ्या. किल्ली देताना दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, त्यात वीजमीटरचे रीडिंग, गीझर, पंखे, भिंतीवरचे आधीचे डाग सगळे येऊ द्या आणि तो व्हिडिओ एकमेकांना पाठवून ठेवा. तुमची किल्ली तुमच्याकडे ठेवायला हरकत नाही, पण आदल्या दिवशी कळवल्याशिवाय जाणार नाही, असे करारात लिहा. आत्याचा अनुभव वर आलाच आहे. राहणाऱ्यांची नावेही लिहा. नवे लग्न आहे, उद्या सासरची मंडळी उपचारासाठी सीपीआरला आली आणि महिनोन्‌महिने राहिली, असे होऊ शकते. पाहुण्यांना अडवू नका, परंतु महिन्यापेक्षा जास्त राहणार असतील तर कळवावे एवढे असू द्या.

वारणाकाठ

नोंदणीचे मान्य करतो, मला कलम 55 माहीत नव्हते. पण समजा मुदत संपली आणि भाचा निघालाच नाही तर? एवढ्या कागदाचा उपयोग काय?

शेंडापार्क

लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी करारातल्या दराच्या दुप्पट भरपाई मागता येते. दिवाणी दाव्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे, पण झटपट नाही. लोक इथेच घसरतात. 22 महिने संपतात, कोणी नवा करार करत नाही, भाडे मात्र चालू राहते, आणि मग परवानगी पुढे चालू होती की नाही यावरच वाद घालता येतो. मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख दोघांनी फोनमध्ये लावून ठेवावी. भाच्यावर हे कलम लावायची वेळ आली तर नाते त्याआधीच तुटलेले असेल, हे मान्य. परंतु पुढे काय होऊ शकते हे दोघांनाही माहीत असेल, तर गोष्ट तिथपर्यंत सहसा जात नाही.

पाणंदकर

काल भाचा आणि भाचेसून घरी आले होते. मी ताईला आधी फोन केला आणि फक्त एवढेच सांगितले की फ्लॅट त्यालाच देतो आहे आणि व्यवहाराचे मी त्याच्याशीच बोलेन. ती थोडी गप्प झाली, मग "तुमचे तुम्ही बघा" म्हणाली. भाच्याला 8,500 आणि नंतर 12,000 असे दोन्ही टप्पे सांगितले. तो लगेच हो म्हणाला, पण भाचेसुनेने विचारले की अकरा महिन्यांत पगार साडेतीन हजारांनी वाढेलच असे कोण सांगणार, दुसरा टप्पा 10,500 ठेवता येईल का. प्रश्न रास्त आहे. माझ्या पत्नीचे मत मात्र बारा हजारच लिहावे आणि हवे तर नंतर कमी करावे असे आहे. अनामत 40,000 एकदम देणे त्यांना जड जाईल, म्हणून ती दोन हप्त्यांत मागितली आहे.

भाडेकरू_भाचा

तुमच्या भाचेसुनेने समोर बसून विचारले, हे मला फार चांगले वाटले. माझ्या मते 10,500 लिहा.

शेंडापार्क

10,500 केले तरी मुद्रांक शुल्कात फारसा फरक पडत नाही, तो निर्णय तुम्हा पती-पत्नीचा. मात्र अनामत दोन हप्त्यांत घेणार असाल तर दुसऱ्या हप्त्याची तारीख दस्तात लिहा, आणि पूर्ण 40,000 मिळाल्याची पावती आताच देऊ नका.

तिरकस_तात्या

आणि मामींचे मत दस्तात कुठल्या कलमाखाली लिहायचे, तेही कोणीतरी सांगा.